आरोग्य तपासणीच्या फाइलमधून बाहेर गेलेली माहिती: सहकाऱ्यांनी विचारलेले प्रश्न आणि उत्तरं

हे टिपण आपल्या सर्व शाखांतल्या, नमुना संकलन केंद्रांतल्या आणि कॉर्पोरेट डेस्कवरच्या सहकाऱ्यांसाठी आहे. गेल्या आठवड्यात आपल्याकडून एका कंपनीला गेलेल्या एक्सेल फाइलसोबत लोकांची वैयक्तिक तपासणी माहितीही गेली. तेव्हापासून फोनवर, मेलवर आणि जेवणाच्या सुट्टीत बरेच प्रश्न आले. त्यांची उत्तरं डेटा सुरक्षा कक्षाच्या वतीने इथे देत आहे. शेजारच्या टेबलावरून काहीतरी वेगळं ऐकलं असेल, तर ते बाजूला ठेवून कृपया हे पूर्ण वाचा.

नेमकं काय घडलं?

आपण कंपन्यांसाठी वार्षिक आरोग्य तपासणीचे कॅम्प घेतो. कॅम्प झाला की प्रत्येकाचा रिपोर्ट त्या व्यक्तीच्या हातात जातो आणि कंपनीला फक्त गोषवारा जातो: किती जणांची तपासणी झाली, किती जणांचा रक्तदाब जास्त आहे, किती जणांची साखर जास्त आहे, आणि हे विभागवार. करारातही तसंच लिहिलेलं आहे. कॅम्पचे पैसे कंपनी भरते, म्हणून कामगाराचा रिपोर्ट कंपनीचा होत नाही.

मंगळवारी सकाळी 11:40 ला अशाच एका गोषवाऱ्याची फाइल कंपनीच्या एचआर विभागातल्या तीन जणांना मेलने गेली. फाइलमध्ये एकच शीट होती आणि त्या शीटवर एक छोटा तक्ता. बुधवारी सकाळी 10:15 ला त्या एचआर विभागातून फोन आला. त्यांच्या एका कर्मचाऱ्याने तक्त्यातल्या एका आकड्यावर दोनदा क्लिक केलं, तर नवी शीट उघडली आणि तिच्यात नावं, मोबाईल नंबर आणि रक्ताचे निकाल दिसले. पुढे तक्त्याच्या डोक्यावरचा कंपनीचा फिल्टर बदलून पाहिल्यावर आपल्या आणखी तीन ग्राहक कंपन्यांचे लोकही त्यात निघाले.

त्या कर्मचाऱ्याने हे स्वतःहून कळवलं, ही आपल्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. फोन आला नसता तर आपल्याला हे कदाचित कधीच कळलं नसतं.

पाठवण्याआधी मूळ शीट डिलीट केली होती असं ऐकलं. मग माहिती गेली कशी?

हो, डिलीट केली होती. सगळ्या प्रकाराचं मूळ इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तो तक्ता साधा तक्ता नव्हता, पिव्हट टेबल होतं. पिव्हट तयार करताना एक्सेल मूळ यादीची एक पूर्ण प्रत स्वतःजवळ ठेवून घेतं. या प्रतीला पिव्हट कॅश म्हणतात. फिल्टर बदलला की आकडे झटकन बदलतात, ते या प्रतीमुळेच. ही प्रत कोणत्याही शीटवर दिसत नाही; ती फाइलच्या पोटात असते आणि फाइल सेव्ह केली की तिच्यासोबत सेव्ह होते. मूळ शीट डिलीट केली तरी ही प्रत जागच्या जागी राहते.

दुसरी गोष्ट फिल्टरची. आपल्या कॉर्पोरेट डेस्कवर सगळ्या कंपन्यांची मिळून एकच मुख्य यादी होती. पिव्हट त्या पूर्ण यादीवर केलं गेलं आणि नंतर वरच्या फिल्टरमध्ये एका कंपनीचं नाव निवडलं गेलं. फिल्टर लावल्याने बाकीच्या कंपन्या स्क्रीनवरून गेल्या, पण फाइलमधून गेल्या नाहीत. फिल्टरमध्ये ‘All’ निवडून एकूण बेरजेच्या आकड्यावर दोनदा क्लिक केलं की पूर्ण यादी नव्या शीटवर उघडते. त्याला पासवर्ड लागत नाही आणि खास ज्ञानही लागत नाही.

ज्यांना स्वतः पाहायचं असेल त्यांनी पिव्हट असलेल्या सरावाच्या फाइलची प्रत घ्यावी, तिच्या नावातलं शेवटचं `.xlsx` काढून `.zip` करावं आणि फोल्डर उघडावं. आत अशी फाइल दिसेल:

```
xl/pivotCache/pivotCacheRecords1.xml
```

मूळ यादीच्या ओळी हिच्यात असतात. हे करताना ग्राहकाची खरी फाइल वापरू नका.

पाठवण्याआधी दुसऱ्या कोणी फाइल पाहिली नव्हती का?

पाहिली होती. पण ती मेलच्या प्रिव्ह्यूमध्ये, मोबाईलवर पाहिली. प्रिव्ह्यूत फाइलचं फक्त वरचं रूप दिसतं. तिथे आकड्यावर क्लिक करून काही उघडत नाही, लपवलेली शीट कळत नाही, लपवलेला कॉलम कळत नाही. शिवाय तपासणाऱ्याला काय तपासायचं ते आपण कधी लिहून दिलेलंच नव्हतं. आकडे बरोबर आहेत का आणि कंपनीचं नाव बरोबर आहे का, एवढं पाहिलं गेलं आणि दोन्ही बरोबर होतं.

हे फक्त आपल्याकडेच घडलं का?

नाही, आणि हे सांगायचं कारण स्वतःला दिलासा देणं हे नाही. हा दोष जुना आहे, सर्वांना माहीत असलेला आहे आणि तरी पुन्हा पुन्हा होतो, हे लक्षात यावं म्हणून सांगतो.

ब्रिटनमध्ये याची नोंद चांगली झाली आहे, कारण तिथलं माहिती आयुक्तांचं कार्यालय आपले निर्णय जाहीर करतं. लंडनमधल्या केन्सिंग्टन आणि चेल्सी या पालिकेकडे पत्रकारांनी रिकाम्या पडून असलेल्या घरांची आकडेवारी मागितली होती. पालिकेने पिव्हट असलेली फाइल दिली. आकड्याच्या मागून 943 घरमालकांची नावं निघाली आणि ती छापूनही आली. 2018 मध्ये पालिकेला 1,20,000 पौंड दंड झाला. त्याआधी 2016 मध्ये ब्लॅकपूलच्या एका सरकारी रुग्णालय ट्रस्टला 1,85,000 पौंड दंड झाला होता. त्यांनी समान संधीबद्दलचे तक्ते संकेतस्थळावर टाकले होते, आणि त्या तक्त्यांच्या मागे 6,574 कर्मचाऱ्यांची खासगी माहिती होती.

सर्वांत गंभीर प्रकार उत्तर आयर्लंडच्या पोलिसांचा. ऑगस्ट 2023 मध्ये माहिती अधिकाराच्या उत्तरात त्यांनी दिलेल्या एक्सेल फाइलमध्ये एक लपवलेली शीट राहून गेली. सुमारे साडेनऊ हजार पोलीस आणि कर्मचाऱ्यांची आडनावं, हुद्दे आणि नेमणुकीची ठिकाणं काही तास इंटरनेटवर होती. ज्या भागात पोलिसाला आपली नोकरी शेजाऱ्यांपासूनही लपवावी लागते, तिथे याचा अर्थ काय होतो ते वेगळं सांगायला नको. त्यांना 7,50,000 पौंड दंड झाला.

तिन्ही ठिकाणी कोणी संगणक फोडला नव्हता. त्या संस्थेच्याच माणसाने, आपलं नेहमीचं काम करताना, फाइल जशी दिसत होती तशी पाठवली.

आपल्या फाइलमधून काय गेलं आणि काय नाही?

चार कंपन्यांच्या मिळून 1,386 जणांच्या ओळी होत्या. प्रत्येक ओळीत नाव, वय, कंपनी, विभाग, मोबाईल नंबर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, एचबीए1सी, कोलेस्टेरॉल आणि डॉक्टरांचा शेरा होता. आधार, बँक खातं, घरचा पत्ता यापैकी काही त्यात नव्हतं. एचआयव्ही किंवा गरोदरपणाची तपासणी या कॅम्पचा भागच नव्हती.

तरी ‘साखर आणि बीपीच तर आहे’ असं कृपया कुठेही म्हणू नका. कंत्राटी कामगाराचं नूतनीकरण महिन्यावर आलेलं असताना त्याचा शेरा व्यवस्थापकाच्या नजरेस पडणं त्याच्यासाठी किरकोळ नसतं. दुसरा धोका मोबाईल नंबरचा आहे. ज्याला तुमचं नाव, नंबर आणि खरा निकाल ठाऊक आहे, त्याने ‘लॅबमधून बोलतोय, रिपोर्टमध्ये दोष आहे, ही लिंक उघडा’ असं सांगितलं तर सावध माणूसही फसतो.

मेल परत मागवता आला नाही का?

नाही. आउटलुकचं ‘Recall’ एकाच संस्थेच्या मेल व्यवस्थेत चालतं, बाहेर गेलेल्या मेलवर नाही. जीमेलचं ‘Undo’ जास्तीत जास्त 30 सेकंदांपर्यंत असतं. त्यामुळे आपण कंपनीला लेखी विनंती केली. तिघांपैकी एकाने फाइल कारखान्यातल्या सुरक्षा अधिकाऱ्याला फॉरवर्ड केली होती, म्हणून चौथ्या व्यक्तीशीही बोललो. चौघांनी मेल, ट्रॅश, डाउनलोड फोल्डर आणि फोन या चारही जागांवरून फाइल काढल्याचं लिहून दिलं आहे.

त्या लेखी उत्तरावर आपला विश्वास आहे. पण तो पुरावा नव्हे, ते त्यांचं सांगणं आहे. बाहेर गेलेली प्रत खरोखर नष्ट झाली का, हे आपल्याला तपासता येत नाही. म्हणून ‘माहिती परत मिळाली’ असा शब्दप्रयोग आपण कोणत्याही पत्रात केलेला नाही. तुम्हीही करू नका.

सहा तासांचा विषय काय आहे?

भारतात सायबर घटनांची नोंद सीईआरटी-इन या केंद्र सरकारच्या यंत्रणेकडे करावी लागते. 28 एप्रिल 2022 च्या तिच्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून, किंवा कोणी लक्षात आणून दिल्यापासून, सहा तासांत कळवायचं असतं. डेटा बाहेर जाणं हा प्रकार त्या यादीत आहे. चूक मुद्दाम केली की अनवधानाने झाली, याने वेळेत फरक पडत नाही.

आता आपला बुधवार पाहा. फोन 10:15 ला आला, म्हणजे मुदत दुपारी 4:15 पर्यंत होती. फोन रिसेप्शनवर घेतला गेला, निरोप कागदावर लिहिला गेला आणि कॉर्पोरेट डेस्कच्या ट्रेमध्ये ठेवला गेला. तो जेवणानंतर वाचला गेला. आमच्या कक्षाला 2:30 ला कळलं. आम्ही 3:50 ला नोंद केली, म्हणजे मुदतीत. पण सहा तासांतले सव्वाचार तास एका कागदाने ट्रेमध्ये घालवले. निरोप नीट लिहून घेणाऱ्या सहकाऱ्याचा यात दोष नाही, कारण असा फोन आला तर काय करायचं हे आपण त्यांना कधी सांगितलंच नव्हतं.

यापुढे नियम असा: ‘तुमच्याकडून आम्हाला दुसऱ्याची माहिती आली’ या अर्थाचं काहीही कानावर आलं की हातातलं काम थांबवून डेस्कवरच्या पिवळ्या कार्डावरच्या नंबरला फोन लावायचा. मेल नाही, चिठ्ठी नाही. फोन उचलला जाईपर्यंत लावायचा. खरं आहे का, किती गंभीर आहे, हे आधी ठरवत बसायचं नाही. ते काम आमचं. आणि फोन करणाऱ्याला एवढंच सांगायचं: ‘फाइल बंद करा, पुढे पाठवू नका, दहा मिनिटांत आमचा माणूस फोन करेल.’

ज्यांची माहिती गेली त्यांना सांगितलं आहे का?

सांगितलं आहे. सगळ्यांना एसएमएस गेला आहे आणि पत्र त्यांच्या हातात मिळेल अशी व्यवस्था केली आहे. कंपनीमार्फत पत्र पाठवायचं नाही, हे आम्ही जाणीवपूर्वक ठरवलं.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 चा आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. उल्लंघनाची माहिती संबंधित व्यक्तीला आणि डेटा संरक्षण मंडळाला देण्याच्या तरतुदी नियमांच्या अधिसूचनेनंतर 18 महिन्यांनी लागू होणाऱ्या आहेत. पण माणसाला त्याच्याच माहितीबद्दल सांगायला मुदतीची वाट का पाहायची? त्या नियमांत पत्रात काय असावं ते चांगलं मांडलं आहे आणि आपण तेच वापरलं: काय घडलं आणि कधी, कोणती माहिती गेली, त्याने काय त्रास होऊ शकतो, संस्थेने काय केलं, त्या व्यक्तीने स्वतः काय काळजी घ्यावी आणि कोणाशी बोलावं.

काउंटरवर किंवा फोनवर कोणी विचारलं तर काय बोलायचं?

खरं बोलायचं, थोडक्यात बोलायचं आणि नंबर द्यायचा. समजा एक बाई विचारतात, ‘अहो दादा, माझ्या मिस्टरांचा रिपोर्ट कंपनीला कळला का?’ तर उत्तर असं द्या: ‘ताई, आमच्याकडून एका फाइलमध्ये काही लोकांचे निकाल चुकून बाहेर गेले, हे खरं आहे. त्यांचं नाव त्यात होतं का, हे मी त्यांच्याशिवाय कोणाला सांगू शकत नाही. त्यांनी स्वतः या नंबरवर फोन करावा, आजच उत्तर मिळेल.’

लक्षात घ्या, इथे पत्नीलाही निकाल सांगितलेला नाही. विचारणारी व्यक्ती रडत असेल, संतापलेली असेल, तरी चुकीच्या माणसाला सांगून दुसरी चूक करायची नाही. आणि ‘असं काही झालेलं नाही’ किंवा ‘मला काही माहीत नाही’ हेही म्हणायचं नाही. लोक चिडून बोलले तर त्यांना तसा हक्क आहे. आवाज चढला की शाखाप्रमुखांना बोलवा, एकट्याने झेलू नका.

पत्रकाराचा फोन आला तर तो व्यवस्थापकीय कार्यालयाकडे द्या.

फाइल पाठवणाऱ्या व्यक्तीवर कारवाई होणार का?

नाही. या घटनेसाठी कोणाच्याही सेवापुस्तकात नोंद होणार नाही, पगार कापला जाणार नाही.

त्या व्यक्तीने शीट डिलीट केली होती, म्हणजे माहिती बाहेर जाऊ नये याची काळजी तिने तिच्या समजुतीप्रमाणे घेतली होती. समजूत चुकीची होती आणि ती दुरुस्त करणारं प्रशिक्षण आपण कधी दिलेलं नव्हतं. सगळ्या कंपन्यांची एकच यादी ठेवायची पद्धतही तिने ठरवलेली नव्हती. शिवाय बुधवारी दुपारी विचारल्यावर तिने पाच मिनिटांत मूळ फाइल, पाठवलेला मेल आणि आधीच्या महिन्यांत तशाच बनवलेल्या फाइलींची यादी आमच्यासमोर ठेवली. त्या यादीमुळेच आम्हाला आणखी दोन जुन्या फाइली तपासता आल्या. त्या दोन्ही प्रत्येकी एकाच कंपनीच्या यादीवर बनल्या होत्या, पण कॅश त्यांच्यातही होती, म्हणून त्या दोन कंपन्यांनाही आपण कळवलं आहे. शिक्षेची भीती असती तर ही यादी आपल्याला मिळाली असती का?

ती व्यक्ती कोण, याची चर्चा कृपया करू नका. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी तिच्याशी नेहमीसारखं बोला.

म्हणजे चुकीला आता काहीच शिक्षा नाही?

अनवधानाने झालेली आणि लगेच सांगितलेली चूक शिक्षेला पात्र नाही. पुढच्या गोष्टी मात्र आहेत, आणि इथे सूट मिळणार नाही: चूक लक्षात आल्यावर ती दडवणं, पाठवलेला मेल किंवा फाइल मिटवून टाकणं, रुग्णाची यादी स्वतःच्या जीमेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर घेणं, आणि आता सांगत असलेली पद्धत माहीत असूनही घाई आहे म्हणून टाळणं. शेवटच्या बाबतीत वरिष्ठाने घाई केली असेल तर जबाबदारी वरिष्ठाची. ‘साहेबांनी लगेच पाठवायला सांगितलं’ असं कोणाला म्हणावं लागू नये, ही अपेक्षा सर्व विभागप्रमुखांकडून आहे.

आता गोषवारा बाहेर पाठवायचा कसा?

ज्या फाइलमध्ये तो तयार केला, ती फाइल कधीही पाठवायची नाही. बाकी सगळं यातूनच निघतं.

तक्ता तयार झाला की तो निवडून कॉपी करा. नवी, कोरी फाइल उघडा आणि तिथे `Paste Special > Values` वापरा. साधं पेस्ट करू नका. पूर्ण पिव्हट साधं पेस्ट केलं तर ते कॅशसकट नव्या फाइलमध्ये जातं. पेस्ट झाल्यावर कोणत्याही आकड्यावर दोनदा क्लिक करा. फक्त कर्सर आत गेला तर ठीक, नवी शीट उघडली तर थांबा. नंतर `File > Info > Check for Issues > Inspect Document` चालवा. लपवलेल्या शीट, ओळी आणि कॉलम हे साधन दाखवतं. पिव्हट असेल तर तेही दाखवतं, पण काढून टाकू शकत नाही. तसा इशारा आला तर नव्या फाइलपासून पुन्हा सुरुवात करा.

मग ती फाइल दुसऱ्या सहकाऱ्याने, दुसऱ्या संगणकावर, एक्सेलमध्ये पूर्ण उघडून पाहायची. प्रिव्ह्यूत नाही, फोनवर नाही. त्याने आकड्यांवर क्लिक करायचं, शीटच्या नावावर राइट क्लिक करून ‘Unhide’ तपासायचं आणि फाइलचा आकार पाहायचा. वीस ओळींचा तक्ता काही शे केबीचा असेल, तर आत अजून काहीतरी आहे असं समजायचं. पाहणाऱ्याचं नाव रजिस्टरमध्ये लिहायचं.

कंपनीला आकड्यांवर पुढे काम करायचं नसेल तर या स्वच्छ फाइलचा पीडीएफ पाठवा. बहुतेक एचआर विभागांना तेवढंच हवं असतं.

कॉलम लपवला किंवा शीटला पासवर्ड लावला तर चालत नाही का?

नाही. लपवलेला कॉलम उघडायला एक राइट क्लिक पुरतो. कॉलम लपवलेला असताना सलग भाग कॉपी केला तर तोही सोबत जातो. फाइल सीएसव्ही केली तर पिव्हट कॅश आणि इतर शीट गळून पडतात हे खरं, पण चालू शीटवरच्या लपवलेल्या ओळी आणि कॉलम सीएसव्हीमध्ये जसेच्या तसे उतरतात. ‘Protect Sheet’ हे चुकून बदल होऊ नये यासाठी आहे, गुप्ततेसाठी नाही. फाइल उघडण्याचा पासवर्ड खरोखर फाइल बंद करतो, आणि मेल वाटेत चुकीच्या पत्त्यावर गेला तर उपयोगी पडतो. पण तो पासवर्ड आपण ज्या माणसाला देतो, त्याच माणसाने जास्तीची माहिती पाहणं हा आपला प्रश्न होता. पासवर्डने तो सुटत नाही.

स्वच्छ गोषवाऱ्यातूनही माणूस ओळखू येतो, असं ऐकलं. ते कसं?

समजा तक्त्यात लिहिलं आहे: कँटीन विभाग, तपासणी 3, साखर जास्त 1. कँटीनमध्ये तिघंच आहेत आणि त्यातले दोघे विशीतले आहेत. व्यवस्थापकाला नावाची गरज उरत नाही.

म्हणून पाचपेक्षा कमी आकडा विभागवार तक्त्यात द्यायचा नाही. छोटे विभाग ‘इतर’ मध्ये एकत्र करायचे. नुसतं एका चौकटीत रेघ मारून भागत नाही, कारण खाली एकूण बेरीज दिलेली असते. बाकीचे आकडे वजा केले की झाकलेला आकडा निघतो. झाकायचं तर किमान दोन चौकटी झाकाव्या लागतात, किंवा विभागच एकत्र करावे लागतात. दुसरा मार्ग सोपा आहे, तोच वापरा. एखाद्या कंपनीने ‘आम्हाला प्रत्येक विभाग वेगळाच हवा’ असा आग्रह धरला तर वाद घालू नका, आमच्याकडे पाठवा.

प्रशिक्षण कोणाला, किती वेळ आणि त्यात काय असेल?

ज्यांच्या संगणकावर एक्सेल आहे आणि ज्यांना बाहेर मेल पाठवता येतो, त्या सर्वांना दोन तासांचं. शाखाप्रमुख आणि डॉक्टर यातून वगळलेले नाहीत. रिसेप्शन आणि संकलन केंद्रातल्या सहकाऱ्यांना पाऊण तासाचं वेगळं सत्र आहे, त्यात फाइलींऐवजी फोनवर काय ऐकायचं आणि कोणाला कळवायचं याचा सराव आहे. सत्रं कामाच्या वेळेत होतील. त्यासाठी सुट्टीच्या दिवशी यावं लागणार नाही.

स्लाइड दाखवून सही घेण्याचं हे प्रशिक्षण नाही. प्रत्येकाला काल्पनिक नावांच्या चार फाइली मिळतील: एकीत पिव्हट, एकीत लपवलेली शीट, एकीत लपवलेला कॉलम, आणि एक खरोखर स्वच्छ. कोणती पाठवण्याजोगी आहे ते शोधायचं आणि उरलेल्या तीन दुरुस्त करायच्या. स्वच्छ फाइलवर उगाच संशय घेणं हीही चूक धरली जाईल, कारण सगळंच अडवणारा माणूस काही दिवसांनी काहीच तपासत नाही. जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचं. याचे गुण वार्षिक मूल्यमापनात जाणार नाहीत.

सत्र पूर्ण होईपर्यंत तुमच्या मेलवरून एक्सेल फाइल बाहेर जाणार नाही. तोवर काम अडलं तर कॉर्पोरेट डेस्कवरच्या प्रशिक्षित दोघांकडे फाइल द्या.

पण प्रशिक्षणाने हे थांबेल का?

एकट्या प्रशिक्षणाने नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. दमलेला माणूस संध्याकाळी सहा वाजता शिकलेलं विसरतो. त्यामुळे काही गोष्टी आपण माणसाच्या आठवणीवर सोडलेल्या नाहीत. सगळ्या कंपन्यांची एकत्र यादी बंद केली आहे. आता प्रत्येक कॅम्पची फाइल वेगळी असेल आणि ती त्या कॅम्पवर काम करणाऱ्यांनाच दिसेल. गोषवाऱ्यासाठी जो उतारा निघतो त्यात नाव आणि मोबाईल नंबर नसतील, कारण मोजणीला त्यांची गरजच नसते. मंगळवारच्या फाइलमध्ये एवढं एक केलेलं असतं, तर आकड्यावर क्लिक केल्यावर नुसते आकडे निघाले असते. वय आणि विभागावरून कोणी ओळखू आलं असतं, पण फोन नंबरसह 1,386 नावं गेली नसती. तिसरं म्हणजे, एक्सेल अटॅचमेंट असलेला बाहेरचा मेल पंधरा मिनिटं थांबवला जाईल आणि तेवढ्यात पाठवणाऱ्याला तो रद्द करता येईल.

हे पंधरा मिनिटांचं थांबणं काहींना जाचेल, याची कल्पना आहे. तीन महिने वापरून पाहू आणि मग तुमच्याकडूनच विचारून घेऊ.

मला माझ्या जुन्या मेलमध्ये अशी फाइल सापडली तर?

सापडेल, असं धरूनच शोधा. जीमेलच्या शोधात `in:sent has:attachment filename:xlsx` असं टाकून, किंवा आउटलुकच्या ‘Sent’ मध्ये अटॅचमेंटचा फिल्टर लावून, गेल्या दोन वर्षांतल्या बाहेर गेलेल्या फाइली काढा. प्रत्येक फाइल उघडून आकड्यावर दोनदा क्लिक करा आणि ‘Unhide’ पाहा. काही निघालं तर फाइल मिटवू नका, कंपनीला परस्पर फोन करू नका, मेल फॉरवर्डही करू नका. पिवळ्या कार्डावरच्या नंबरला फोन करून एवढंच सांगा: कोणती फाइल, कोणत्या तारखेला, कोणाला गेली.

हा शोध या महिनाअखेरपर्यंत पूर्ण करायचा आहे आणि काही सापडलं नाही तरी तसं कळवायचं आहे. शाखाप्रमुखांनी आपल्या शाखेची यादी पुढच्या महिन्याच्या 5 तारखेपर्यंत आमच्याकडे द्यावी. एवढ्या जुन्या मेलमधून शोधायला ज्यांना वेळ मिळत नसेल, त्यांनी आत्ताच सांगा, आमच्या कक्षातला एक जण तुमच्या शेजारी येऊन बसेल.